दोन तापमानं, दोन k: सक्रियण ऊर्जा काढताना एककं काय पकडतात आणि काय सोडून देतात

मागच्या एप्रिलमध्ये आमच्या नागपूरच्या लॅबमध्ये बीएस्सीचा एक मुलगा जर्नल घेऊन आला. "सर, माझं ४७ येऊन राहिलं. बाजूच्याचं ६९ आहे. काहून?" मी त्याची आकडेमोड तपासली. सूत्र बरोबर, लॉग बरोबर, एककं तर त्याने प्रत्येक पायरीवर लिहिली होती आणि शेवटी किलोज्यूल प्रति मोल चोख आलं होतं. चूक कागदावर नव्हतीच. ती कुठे होती ते पुढे येईल, पण त्या दिवसापासून मी हा विषय शिकवायची पद्धत बदलली. एककं तपासा, असं सगळेच सांगतात. एककं तपासून नेमकं काय सापडतं आणि काय सापडत नाही, हे सहसा कोणी सांगत नाही.

उदाहरण म्हणून तोच प्रयोग घेऊ: मिथाइल ॲसिटेटचं ॲसिडमध्ये होणारं जलविघटन. फ्लास्कमध्ये ०.५ नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिड घ्यायचं, त्यात थोडा एस्टर टाकायचा आणि ठरावीक वेळाने पिपेटने थोडं द्रावण काढून बर्फाच्या पाण्यात सोडायचं, म्हणजे अभिक्रिया जवळपास थांबते. मग फिनॉल्फ्थॅलिन घालून सोडियम हायड्रॉक्साइडने टायट्रेट करायचं. एस्टर तुटतो तसं ॲसिटिक ॲसिड वाढतं आणि ब्युरेटचं रीडिंग चढत जातं. त्या रीडिंगांवरून पहिल्या कोटीचा वेग स्थिरांक निघतो. त्यालाच आपण सगळे बोलताना रेट कॉन्स्टंट किंवा नुसतं k म्हणतो. हीच गोष्ट दुसऱ्या तापमानाला केली की हाती दोन k येतात.

समजा २५ अंश सेल्सिअसला k आला ०.००३३ प्रति मिनिट आणि ३५ अंशांना ०.००८१ प्रति मिनिट. या प्रयोगात साधारण असेच आकडे येतात.

सूत्राआधी अंदाज

पेन उचलण्याआधी एक गुणोत्तर काढा: दुसरा k भागिले पहिला k. ८१ भागिले ३३ म्हणजे अडीचच्या किंचित खाली. दहा अंश वाढल्यावर अभिक्रिया जवळपास अडीच पटीने वेगवान झाली.

आता दोन आकडे पाठ असू द्या. २५ वरून ३५ अंशांना जाताना वेग बरोबर दुप्पट झाला तर सक्रियण ऊर्जा सुमारे ५३ किलोज्यूल प्रति मोल असते आणि तिप्पट झाला तर सुमारे ८४. आपलं गुणोत्तर अडीचच्या जवळ आहे, म्हणजे उत्तर या दोघांच्या मध्ये, सत्तरच्या आसपास यायला हवं. एवढं जर्नलच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहून ठेवा. उत्तर ६.९ किंवा ६९०० आलं तर ते इथेच उघडं पडतं.

सूत्र आणि त्यातली प्रत्येक जागा

स्वांते अऱ्हेनिअसने १८८९ मध्ये मांडलेल्या समीकरणाला दोन तापमानांना लिहून एकाला दुसऱ्याने भागलं की A नावाचा स्थिरांक उडून जातो. बारावीला जे सूत्र आहे ते असं:

```
log10(k2/k1) = Ea (T2 - T1) / (2.303 R T1 T2)
```

त्यावरून आपल्याला हवं ते:

```
Ea = 2.303 R log10(k2/k1) × T1 T2 / (T2 - T1)
```

पहिलं काम तापमानं केल्विनमध्ये नेण्याचं. २५ अंश म्हणजे २९८ केल्विन आणि ३५ अंश म्हणजे ३०८. दशांशातले ०.१५ सोडले तर उत्तरात हजारात एकाचा फरक पडतो, म्हणून इथे ते सोडायला हरकत नाही.

दुसरं काम लॉगचं. बोर्डाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर नसतो, त्यामुळे लॉग टेबलानेच करू. गुणोत्तर २.४५४ घ्या. २४ ची ओळ, ५ चा रकाना: ०.३८९२. उजवीकडच्या सरासरी फरकात ४ खाली ७ आहे, तो शेवटच्या घरात मिळवला की ०.३८९९. आपण ०.३९० धरू.

तिसरं काम मांडणीचं. इथे एककं सोबत लिहायचीच:

```
R           = 8.314 J K⁻¹ mol⁻¹
2.303 × R   = 19.147 J K⁻¹ mol⁻¹
T1T2/(T2-T1) = 298 K × 308 K / 10 K = 9178.4 K

Ea = 19.147 J K⁻¹ mol⁻¹ × 0.390 × 9178.4 K
   = 68,539 J mol⁻¹
   ≈ 69 kJ mol⁻¹
```

मधल्या ओळीकडे जरा थांबून बघा. वर केल्विन गुणिले केल्विन आणि खाली केल्विन, म्हणून उरतो एक केल्विन. R मधला "प्रति केल्विन" त्याला कापतो. शिल्लक राहतं ज्यूल प्रति मोल. शंभरात साठ मुलं वरचा एक केल्विन विसरतात किंवा दोन्ही कापून टाकतात, असं मी म्हणणार नाही, मोजलेलं नाही. पण पेपर तपासताना हा घोटाळा इतक्यांदा दिसतो की लाल पेनाचा हात आपोआप त्या ओळीवर जातो.

लॉगच्या आत गेलेल्या गोष्टीला एकक नसतं, नसायलाच हवं. प्रति मिनिट भागिले प्रति मिनिट, उरला नुसता आकडा. म्हणूनच k सेकंदात घ्या नाहीतर मिनिटात, दोन्ही एकाच एककात असले की सक्रियण ऊर्जा तीच येते. बदलतो तो A, कारण त्याला k चंच एकक असतं. k दुसऱ्या कोटीचा असला, म्हणजे लिटर प्रति मोल प्रति सेकंद असला, तरी इथे तेच.

एककं काय पकडतात

दोन k वेगवेगळ्या एककांत असले तर एककं लगेच ओरडतात, पण ती लॉगच्या आत लिहिली असतील तरच. एका मुलीने ३५ अंशांचा k सेकंदात काढला होता, ०.०००१३५ प्रति सेकंद, आणि २५ चा मिनिटातच ठेवला होता. तिने नुसते आकडे लॉगमध्ये घातले. गुणोत्तर एकाहून कितीतरी लहान झालं, लॉग उणे आला आणि सक्रियण ऊर्जा उणे २४४ किलोज्यूल. तिने उणे चिन्ह खोडून २४४ लिहिलं! उलट घोळ झाला असता, पहिला सेकंदात आणि दुसरा मिनिटात, तर उत्तर अधिक ३८१ आलं असतं आणि खोडायलाही काही उरलं नसतं. लॉगच्या कंसात एकक लिहायची सवय असती तर "प्रति सेकंद भागिले प्रति मिनिट" हे डोळ्यांसमोर आलं असतं आणि हात तिथेच थांबला असता.

दुसरी गोष्ट R ची. ८.३१४ घेतला तर उत्तर ज्यूलमध्येच येतं. किलोज्यूल हवं तर शेवटी हजाराने भागा, किंवा सुरुवातीलाच ०.००८३१४ किलोज्यूल घ्या. दोन्ही एकदम केलं तर ०.०६९ येतं, हेही पाहिलेलं आहे. कॅलरीतला R, १.९८७, घेतला तर १६,४०० च्या आसपास कॅलरी प्रति मोल येतात. ते बरोबरच आहे, फक्त त्यापुढे ज्यूल लिहायचं नाही.

गमतीचा आहे तो ०.०८२१. वायूंच्या धड्यातून तो हाताला लागतो आणि मुलं तो इथे घालतात. उत्तर येतं ६७७. एकक लिहिलं नसेल तर ६७७ किलोज्यूल म्हणून उतरतं आणि गुण जातात. लिहिलं असेल तर दिसतं की ते ६७७ लिटर-ॲटमॉस्फिअर प्रति मोल आहे. दाब गुणिले आकारमान म्हणजे ऊर्जाच, त्यामुळे भौतिकदृष्ट्या यात चूक काहीच नाही. एक लिटर-ॲटमॉस्फिअर म्हणजे १०१.३ ज्यूल. गुणून बघा, पुन्हा ६८,६०० ज्यूलच्या आसपास परत येता. एकक सोबत ठेवलं तर विचित्र वाटेनेही घरी पोचता येतं, ते या एका उदाहरणात मला फार आवडतं.

एककं काय सोडून देतात

आता दुसरी बाजू. पुढच्या चुकांत एकक शेवटपर्यंत चोख ज्यूल प्रति मोलच राहतं.

सगळ्यात धोकादायक म्हणजे २.३०३ विसरणं. तो नुसता आकडा आहे, त्याला एकक नाही, म्हणून तो गेल्याचं एककाला कळत नाही. उत्तर येतं २९.८ किलोज्यूल प्रति मोल, आणि वाईट हे की ते अगदी शहाण्यासारखं दिसतं. अशा सक्रियण ऊर्जेच्या अभिक्रिया असतातही. इथे कामी येतो तो कोपऱ्यातला सत्तरचा अंदाज. कॅल्क्युलेटर वापरणाऱ्यांचा याच जातीचा दुसरा घोळ असतो: `ln` ची कळ दाबायची आणि तरीही २.३०३ ने गुणायचं. मग उत्तर दीडशेच्या पुढे जातं.

सेल्सिअसचं तसंच. अंश सेल्सिअस लिहा की केल्विन, वर दोन आणि खाली एक, कापाकापी तशीच होते. वजाबाकी तर दोन्हींत दहाच येते, म्हणून मुलांना वाटतं की फरक पडत नसावा. पण गुणाकार? २५ गुणिले ३५ म्हणजे ८७५, आणि २९८ गुणिले ३०८ म्हणजे ९१,७८४. शंभर पटीहून जास्त फरक. सेल्सिअसने उत्तर येतं ६५३ ज्यूल, म्हणजे ०.६५ किलोज्यूल प्रति मोल. हे पकडायला एक मोजपट्टी आहे: खोलीच्या तापमानाला RT स्वतःच २.५ किलोज्यूल प्रति मोल असतो. अडथळा त्याहून कमी असेल तर तापमान वाढवून वेग जवळपास वाढणारच नाही. आपला तर अडीच पट झाला आहे.

आणि ॲसिडची तीव्रता. आपण काढलेल्या k मध्ये ॲसिडचा हिस्सा आत दडलेला आहे. ॲसिड दुप्पट तीव्र केलं की तो k ही साधारण दुप्पट होतो. एका दिवशी २५ अंशांचा प्रयोग ०.५ नॉर्मलमध्ये केला आणि दुसऱ्या दिवशी ३५ चा कोणीतरी बनवून ठेवलेल्या एक नॉर्मलमध्ये, तर दोन्ही k चं एकक प्रति मिनिटच राहील आणि सक्रियण ऊर्जा १२१ वर जाईल. दोन्ही फ्लास्क एकाच बाटलीतून भरा.

ताळा करायचा तर उलट्या वाटेने करा. सूत्र तेच वापरून परत गुणोत्तर काढलं तर काही सिद्ध होत नाही, कारण २.३०३ जाताना विसरलेला येतानाही विसरला जातो. ताळ्यासाठी घातांकाचं रूप घ्या, ज्यात २.३०३ मुळातच नाही:

```
k2/k1 = exp[ (Ea/R) × (1/T1 - 1/T2) ]
```

`Ea/R` चं एकक केल्विन, ८,२४४ केल्विन. कंसातलं एकक प्रति केल्विन, ०.०००१०९. गुणाकार ०.८९८, नुसता आकडा, घातांकात बसायला योग्य. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर `e^x` दाबा, २.४५ येतं. जिथून निघालो तिथे पोचलो. २९.८ घालून बघा, १.४८ येतं, म्हणजे ३५ अंशांचा k ०.००४९ असायला हवा होता. आपण तर ०.००८१ मोजला आहे.

तर ते ४७ कुठून आलं?

त्या मुलाचे दोन k होते ०.००४३५ आणि ०.००८१ प्रति मिनिट. गुणोत्तर १.८६, लॉग ०.२७०, उत्तर ४७ किलोज्यूल. ३५ चा k बाजूच्याशी जुळत होता, पण २५ चा बराच जास्त होता. मी विचारलं, २५ अंश कुठे वाचलेस? तो म्हणाला, जर्नलमध्ये छापलंय ना सर, रूम टेम्परेचर २५.

एप्रिलमध्ये, नागपुरात, २५! गच्चीवरच्या टाकीतून नळाला येणारं पाणीच तेव्हा तळहाताला कोमट लागतं. फ्लास्क कुलरच्या झोतात ट्रेमध्ये होता, सकाळी बर्फही टाकला होता, तरी मी थर्मामीटर घातला तेव्हा तो २८ दाखवत होता. २५ ऐवजी २८, म्हणजे ३०१ केल्विन, घालून पुन्हा मांडलं:

```
T1T2/(T2-T1) = 301 K × 308 K / 7 K = 13,244 K
Ea = 19.147 J K⁻¹ mol⁻¹ × 0.270 × 13,244 K ≈ 68,500 J mol⁻¹
```

तीन अंशांची चूक आणि उत्तर तिसऱ्या हिश्शाने खाली. २९८ मध्ये तीन म्हणजे एक टक्का, मग एवढा फटका का? कारण चूक २९८ मध्ये बसत नाही, ती दहाच्या फरकात बसते. दहामधले तीन म्हणजे तीस टक्के. हे एकदा डोक्यात बसलं की थर्मामीटर हातात घेण्याची पद्धतच बदलते.

आमच्याकडच्या हवेसाठी म्हणून सांगतो: साधा वॉटर बाथ पाणी गरमच करू शकतो, थंड करत नाही. डिसेंबर-जानेवारीत २५ आणि ३५ ची जोडी छान जमते. एप्रिल-मेमध्ये ती जोडी सोडा, ३५ आणि ४५ घ्या, म्हणजे दोन्ही तापमानं खोलीच्या वर राहतील आणि बाथला ती सांभाळता येतील. मेच्या दुपारी, कुलर बंद पडला तर, ३५ चीही खात्री नसते; सकाळच्या बॅचला प्रयोग लावलेला बरा. थर्मामीटर बाथच्या पाण्यात न ठेवता द्रावणात ठेवा, आणि एस्टर टाकण्याआधी ॲसिडला बाथमध्ये वीस मिनिटं तरी बसू द्या.

किती आकडे लिहायचे

६८.५३९ असं जर्नलमध्ये लिहिलेलं दिसलं की मी विचारतो, ब्युरेटने एवढं सांगितलं का? टायट्रेशनवरून आलेला k पाच टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे असणं सहज शक्य आहे. दोन्ही k मध्ये तेवढी चूक धरली तर गुणोत्तरात सुमारे सात टक्के येते, म्हणजे नैसर्गिक लॉगमध्ये ०.०७. आपला नैसर्गिक लॉग ०.८९८ आहे, त्याच्या तुलनेत हे आठ टक्के. उत्तर झालं ६९, पाचेक किलोज्यूल वर किंवा खाली. "६९ किलोज्यूल प्रति मोल" एवढंच लिहा, त्यापुढचे आकडे आपले नाहीत.

तापमानांतलं अंतर वाढवलं तर हा धोका घटतो. २५ आणि ४५ घेतले की नैसर्गिक लॉग १.७४ होतो आणि तीच ०.०७ ची चूक चार टक्क्यांवर येते. पण मग अंतर अजून का वाढवू नये? एक तर वेग. २५ अंशांना अर्धा एस्टर संपायला साडेतीन तास लागतात, ४५ ला सदतीस मिनिटं. त्यापुढे पिपेट भरून रिकामं करेपर्यंतच अभिक्रिया पुढे सरकलेली असते. आणि मिथाइल ॲसिटेट ५७ अंशांना उकळतं, त्यामुळे ४५ लाच उघड्या फ्लास्कमधून त्याचा गोडसर वास टेबलभर पसरतो. बूच घट्ट हवंच.

शेवटी, दोन बिंदूंमधून सरळ रेषा नेहमीच जाते, चुकीच्या बिंदूंमधूनही. म्हणून वेळ असेल तर तिसरा फ्लास्क लावा. ६९ खरं असेल तर ४५ अंशांना k सुमारे ०.०१९ प्रति मिनिट यायला हवा. ०.०१८ किंवा ०.०२० आला तर समाधान माना. ०.०२६ आला, तर आधी बूच बघा: एस्टर अभिक्रियेनेही कमी होतोय आणि हवेतही उडतोय, आणि शेवटचं रीडिंग त्याच फ्लास्कचं घेतलं असेल तर दोन्हींची बेरीज तुम्ही k म्हणून मोजली आहे.